पाहुण्यांना पाठवायचे संदेश : कौतुक आणि दिलगिरी

प्रश्न : दापोलीजवळ आमचा होमस्टे आहे. इंग्रजीतले तयार संदेश मराठीत करून पाहुण्यांना पाठवतो. ‘तुम्ही अद्भुत पाहुणे आहात’, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो’. व्याकरण बरोबर आहे, तरी वाचताना खोटं वाटतं. असं का?

मराठीत तोंडावर माणसाची स्तुती फारशी करत नाहीत. केलीच तर समोरचा ‘कसचं काय’ म्हणून ती झटकतो. ‘अद्भुत’ तर आपण चमत्काराला म्हणतो, चार दिवस राहून गेलेल्या कुटुंबाला नाही. आपलं कौतुक माणसाने केलेल्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवतं, किंवा आपल्याला काय वाटलं ते सांगतं : ‘आजींनी अंगणात मुलांना गोष्टी सांगितल्या, आमचीही पोरं रमली.’ हे त्याच घराला लिहिता येतं, म्हणून खरं वाटतं.

दिलगिरीचा घोळ जास्त खोल आहे. इंग्रजीतलं ‘सॉरी’ दोन कामं करतं : चूक कबूल करणं आणि हळहळ व्यक्त करणं. मराठीत ‘माफ करा’ फक्त पहिल्यासाठी चालतं. आई आजारी पडल्या म्हणून कुणी बुकिंग रद्द केलं आणि तुम्ही ‘ऐकून क्षमस्व’ लिहिलंत, तर आजारपण जणू तुमच्यामुळेच आलं. तिथे ‘आईंची काळजी घ्या, त्यांना लवकर बरं वाटू दे. तारखांचं नंतर बघू’ एवढं पुरे.

चूक आपलीच असेल तेव्हा ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही रस्ता खणला की लावतात त्या पाटीची भाषा. पाटीवर ती शोभते, कारण ती कुणा एकाला उद्देशून नसते. पाहुण्याला मात्र काय बिघडलं ते नाव घेऊन सांगावं. ‘गरम पाणी मिळालं नाही’ यात कर्ता गायब होतो आणि अंग झटकल्यासारखं वाटतं. ‘आमच्याकडून’ हा एक शब्द घातला की जबाबदारी घेतली जाते, आणि वाक्य रडवेलंही होत नाही.

समजा, सकाळी गीझर बंद पडला. मी असं लिहीन :

‘नमस्कार काका, नीट पोचलात ना? शनिवारी सकाळी गरम पाण्याचे हाल झाले. आदल्या दिवशी गीझर तपासायचा आमच्याकडून राहून गेला, राग मानू नका. आता तो बदलून घेतलाय. काकूंनी सांगितलेली कैरीची आमटी आम्ही केली, सगळ्यांना आवडली. परत या.’

वयाचा अंदाज नसेल तर ‘काका’ गाळून आडनावापुढे ‘साहेब’ किंवा ‘ताई’ लावा. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ एकाच संदेशात मिसळू नका. आणि पाहुण्याने आभार मानले की ‘तुमचं स्वागत आहे’ असं उत्तर टाळा. ते दारात म्हणायचं. आभारांना ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणावं.