मैदानावरचे न मोजलेले अंतर : नकाशाप्रमाण शिकवण्याचा एक उपक्रम

प्रश्न : मी आठवीला भूगोल शिकवते. नकाशाप्रमाणाची गणिते मुले सूत्रात आकडे घालून सोडवतात, पण १:५०० म्हणजे प्रत्यक्षात काय, असे विचारले की गप्प बसतात. शाळेच्या मैदानावर दोन-तीन तासिकांत घेता येईल असा मोजमापाचा उपक्रम कोणी नीट सांगेल का?

उत्तर : मैदानाच्या बाजू मोजून आकृती काढली की उपक्रम संपला, असे मी करत नाही. ज्या अंतराला अजून कोणीही टेप लावलेली नाही, ते मुलांनी आधी कागदावरून सांगायचे आणि नंतर मैदानावर जाऊन तपासायचे, हा माझ्या पाठाचा कणा आहे. आमच्या मैदानाचेच उदाहरण घेऊन क्रमाने लिहितो.

पहिल्या तासिकेत मी मैदानावर फक्कीने ३० मीटरची सरळ रेषा आखतो आणि प्रत्येकाला तिच्यावरून नेहमीच्या चालीने जाऊन-येऊन पावले मोजायला सांगतो. एका मुलीची सरासरी ४६ पावले भरली, म्हणजे तिचे पाऊल साधारण ६५ सेंटीमीटरचे झाले. मैदानाच्या लांब बाजूला तिला ९५ पावले लागली, त्यावरून तिने जवळजवळ ६२ मीटर असा अंदाज दिला. त्याच बाजूला ९५ पावले मोजणाऱ्या एका मुलाचा अंदाज मात्र ७१ मीटर आला, कारण आखलेल्या रेषेवर सर्वांच्या देखत त्याने ढांगा टाकल्या होत्या आणि तिथे त्याची अवघी ४० पावले भरली होती. ही चूक इतकी हमखास होते, की मी आता मुलांना रेषेच्या बरेच मागून चालायला लावतो आणि चाल स्थिरावल्यावर रेषेपासून मोजणी सुरू करायला सांगतो. जाताना आणि येताना पावलांत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर ती मोजणी धरायची नाही.

यानंतर टेप. शाळेतली टेप बहुधा ३० मीटरचीच असते, त्यामुळे ६२ मीटरच्या बाजूसाठी ती तीनदा लावावी लागते आणि प्रत्येक वेळी टोकाला खुंटी ठोकावी लागते. टेपचा शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला आहे की थोडा आत, हे आधी पाहून घ्यावे. दोन गटांच्या उत्तरांत जवळजवळ नेमका ३० मीटरचा फरक आला, तर एका गटाने टेपची एक लांबी मोजणीत धरलेली नाही असे समजावे. अशा वेळी पावलांचा अंदाज उपयोगी पडतो. तो मीटरभर चुकतो, पण ३० मीटरची चूक लपू देत नाही.

आमच्या मैदानाच्या समोरासमोरच्या बाजू सारख्याच भरल्या : लांब बाजू ६२ मीटर, आखूड ३८ मीटर. वर्गात आल्यावर प्रमाण मुलांनीच निवडायचे असते. १ सेंटीमीटरला ५ मीटर घेतले तर आकृती १२.४ बाय ७.६ सेंटीमीटरची होते आणि वहीच्या पानात नीट बसते. हे शब्दप्रमाण अंकप्रमाणात लिहिताना निम्मा वर्ग १:५ असे लिहितो. मी लगेच खोडत नाही. ‘१:५ ने काढायचे तर आपल्याला केवढा कागद लागेल?’ एवढेच विचारतो. उत्तर येते, १२ मीटरहून लांब. मग दोन्हीकडे एकक एकच हवे, म्हणून ५ मीटरचे ५०० सेंटीमीटर करायचे आणि १:५०० लिहायचे, हे त्यांना पटते.

आता कर्ण. मुलांनी आयत काढला, त्याचा कर्ण मोजपट्टीने मोजला, तो साडेचौदा सेंटीमीटर आला, आणि मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साडेबाहत्तर मीटर अंतर असणार असे सर्वांनी फळ्यावर लिहिले. दुसऱ्या दिवशी टेप लावली, तर अंतर ६९ मीटर भरले. पुन्हा लावली, तरी ६९च. पेन्सिलची रेघ जाड होती म्हणून चुकले असेल, असे एकाने सुचवले. तेही आम्ही तपासले. पेन्सिलची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते आणि १:५०० या प्रमाणात तेवढ्या जाडीत जमिनीवरचे २५ सेंटीमीटर मावतात. इथे फरक साडेतीन मीटरांचा, म्हणजे कागदावर ७ मिलिमीटरचा होता. तो रेघेत मावणारा नव्हता. (याच हिशेबामुळे, या नकाशासाठी बाजूची लांबी सेंटीमीटरपर्यंत लिहून ठेवण्यात अर्थ नसतो, हेही मुलांना आपोआप कळले.)

चूक गृहीतकात होती. समोरासमोरच्या बाजू समान आल्या म्हणून कोपरे काटकोनात असतीलच असे नाही. आमचे मैदान रस्त्याच्या बाजूने थोडे कललेले आहे. मग कोन न मोजता ते बरोबर कसे काढायचे? पायारेषा १२.४ सेंटीमीटरची घ्यायची, एका टोकावरून कंपासने ७.६ सेंटीमीटरचा आणि दुसऱ्या टोकावरून कर्णाचा, म्हणजे १३.८ सेंटीमीटरचा कंस काढायचा. दोन्ही कंस छेदतात तो तिसरा कोपरा. कर्णाच्या दुसऱ्या बाजूला तसाच त्रिकोण काढला की मैदान पूर्ण होते. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार बदलू शकत नाही, चौकोनाचा मात्र चारही बाजू ठरल्या तरी बदलतो. म्हणूनच साखळीने मोजणी करणारेही जमीन त्रिकोणांत विभागतात.

नव्या आकृतीत दुसरा कर्ण अजून न मोजलेला होता. कागदावर तो कोणाचा १५.२, कोणाचा १५.३ सेंटीमीटर आला, म्हणजे मैदानावर ७६ ते ७६.५ मीटर. टेप लावली तेव्हा ७६.२ भरले. त्या क्षणी मुलांना १:५०० चा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. आपल्याकडे वेळ कमी असेल तर पावलांचा भाग आटोपता घ्यावा, पण दुसऱ्या कर्णाची ही तपासणी सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

तिसरी तासिका मिळाली तर तेच मैदान १:१००० ने काढून घ्यावे. आकृती ६.२ बाय ३.८ सेंटीमीटरची होते. खो-खोचे २७ बाय १६ मीटरचे क्रीडांगण त्यात सहज दाखवता येते, पण पाण्याच्या नळाची जागा केवळ टिंबाने सुचवावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर आमची ६२ मीटरची बाजू सव्वा मिलिमीटरही भरत नाही. ‘हजार मोठा की पाचशे?’ या प्रश्नावर अडखळणारी मुले, बृहद्‌ प्रमाण म्हणजे छेदातली संख्या लहान, हे या दोन आकृत्या शेजारी ठेवल्यावर बरोबर सांगतात.

रेषाप्रमाणासाठी नकाशाखाली १० सेंटीमीटरची रेघ काढून तिच्यावर ०, १०, २० असे ५० मीटरपर्यंत भाग करून घ्यावेत, आणि त्याची ए-फोरवरून ए-थ्रीवर मोठी केलेली झेरॉक्स वर्गात न्यावी. वर १:५०० छापलेले तसेच राहते, पण त्याने काढलेली अंतरे सगळी चुकतात, कारण त्या प्रतीचे खरे प्रमाण आता सुमारे १:३५४ झालेले असते. खालची रेघ मात्र नकाशाबरोबरच ताणली गेलेली असते. तिच्यावर कागदाची पट्टी धरून मोजले, तर दुसरा कर्ण आताही ७६ मीटरच येतो.