‘आहे ना’ आणि ‘आहे की’ इंग्रजीत कसं सांगायचं?

प्रश्न: बोलताना आपण ना, की, गं, रे लावतो. इंग्रजी वाक्यात तो सूर कसा आणायचा?

शब्दाला शब्द शोधू नका, ‘ना’च्या जागी ‘नो?’ तर नकोच. त्या जागी तो शब्द काय काम करतोय ते बघा.

‘किल्ली आहे ना?’ इथे विचारणाऱ्याला ‘हो’ अपेक्षित आहे, म्हणून ‘यू हॅव गॉट द की, हॅवन्ट यू?’ त्यावर ‘आहे की!’ म्हणजे नुसतं ‘येस’ नव्हे. त्यात ‘शंका कशाला?’ असा सूर आहे, म्हणून ‘ऑफ कोर्स आय हॅव!’

पण आज्ञार्थात हाच ‘ना’ लाडीगोडी लावतो. ‘थांब ना’ला ‘हॅवन्ट यू?’सारखा शेपटीचा प्रश्न चालत नाही, तिथे ‘ओ, डू स्टे!’ हा ‘डू’ जोर देऊन म्हणायचा, नाहीतर हुकूम वाटतो. ‘थांब की’ मात्र ‘थांबायला काय हरकत आहे?’ असं सुचवतं: ‘व्हाय डोन्ट यू स्टे?’

गं-रे अवघड. त्यातलं स्त्री-पुरुष इंग्रजीत उतरत नाही, उरते ती जवळीक. ‘काय झालं गं?’ला मी ‘हे, व्हॉट्स राँग?’ म्हणते. ‘डिअर’ लावलं की उगाच आजीबाई बोलल्यासारखं वाटतं.