बेंबीपाशी दुखणं आणि पांढराफटक चेहरा: हा पोटातला मायग्रेन असू शकतो

प्रश्न: मुलगा ७ वर्षांचा, महिन्या-दीड महिन्यातून एकदा बेंबीपाशी खूप दुखतं, चेहरा पांढरा पडतो, मळमळतं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. पोटातला मायग्रेन असतो म्हणतात, तो कसा ओळखायचा?

चेहरा पांढरा पडतो हे तुम्ही लिहिलंय ना, तेच धरून ठेवा. डॉक्टरांनासुद्धा सगळ्यात आधी तेच सांगा. आमची दोन वर्षं गेली कारण आम्ही फक्त "पोट दुखतं" एवढंच सांगत राहिलो.

माझी लेक पहिलीत होती तेव्हा सुरू झालं. आधी जंतांचं औषध झालं, मग गॅसचं, मग सोनोग्राफी, आणि सोनोग्राफीत "पोटात गाठी" निघाल्या. ते वाचून माझे हातपाय गळाले, घरात लगेच टीबीपर्यंत बोलणं गेलं. नंतर कळलं की आतड्यांजवळच्या अशा बारीक गाठी ठणठणीत मुलांच्या सोनोग्राफीतही खूपदा दिसतात, बाकी काही लक्षण नसेल तर त्यांना दुखण्याचं कारण म्हणता येत नाही. पण तोवर सहा महिने त्या गाठींच्याच मागे गेले.

त्यात नणंदबाईंचं ठरलेलं वाक्य, "शाळा बुडवायची नाटकं आहेत, तू लाडावून ठेवलंयस." संध्याकाळी पोरगी सोसायटीत सायकल फिरवताना दिसली की त्यांना पुरावाच मिळायचा. शेवटी मी चिडून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागले, कधी सुरू झालं, कधी थांबलं, काय खाल्लं होतं, झोप किती झाली. जून ते नोव्हेंबर सहा वेळा दुखलं. त्यातले दोन रविवार, एक दिवाळीच्या सुट्टीत, शाळेचे वार फक्त तीन. दर वेळी तसंच, आधी गप्प व्हायची, ओठसुद्धा पांढरे, डोळ्यांखाली काळं, मग बेंबीभोवती दुखायला लागायचं. कुठे दुखतं विचारलं की एक बोट कधीच ठेवायची नाही, अख्खा तळवा फिरवायची. जेवण नको, टीव्ही नको, पडदे लावा म्हणायची. तीन-चार तासांनी झोप लागायची आणि उठली की पोहे मागायची.

नवीन बालरोगतज्ज्ञांनी ते कॅलेंडरचे फोटो बघितले आणि आधी विचारलं, घरात अर्धशिशी कोणाला आहे? मी नाही म्हणाले. तर सासूबाई मागून म्हणतात, "अगं, मला होती की, सुंठेचा लेप लावून अंधारात पडायचे मी." इतक्या वर्षांत हे कोणी बोललंच नव्हतं!

याची रक्ताची टेस्ट किंवा स्कॅन नाही. टेस्ट करतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला. ओळखतात ते अशा ठेवणीवरून: दुखणं मधोमध, बोथट पण मूल खेळ सोडून आडवं पडेल इतकं, काही तास, कधी दोन-तीन दिवससुद्धा, सोबत पांढरेपणा, मळमळ, उलटी, भूक जाणं यातलं किमान दोन, आणि दोन वेळांच्या मध्ये मूल पूर्ण बरं. हे मधलं बरं असणंच महत्त्वाचं, रोज थोडं थोडं दुखत असेल तर ते बहुतेक वेगळं काहीतरी, आधी बद्धकोष्ठ बघा. उलट्याच जास्त आणि दुखणं कमी असेल तर त्याचं नाव वेगळं, पण कुळी मायग्रेनचीच.

आमच्याकडे कॅलेंडरवरून कळलं की सहापैकी चार वेळा आदल्या रात्री जागरण किंवा सकाळी उपाशीपोटी लांबचा प्रवास होता, एकदा तर ताम्हिणीच्या वळणांतच सुरू झालं. झोप आणि जेवणाची वेळ सांभाळल्यावर अर्ध्यावर आलं. दुखायला लागलं की लगेच अंधारी खोली आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, उशिरा दिलं तर तिला उपयोग होत नाही. फारच वारंवार असेल तर रोजची प्रतिबंधक औषधं असतात, ती डॉक्टरच ठरवतील, आम्हाला लागली नाहीत.

हे आधी लिहायला हवं होतं: उलटी हिरवी असेल, शीमध्ये रक्त असेल, ताप असेल, दुखणं उजवीकडे खाली सरकत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, लघवीला जळजळ किंवा वजन-उंची अडली असेल तर मायग्रेन वगैरे विसरा आणि दाखवायला न्या. मुलग्यांत वृषणाला पीळ पडला तरी मूल पोटच दुखतं म्हणतं, लाजून खालचं सांगत नाही, ते विचारा. आणि एरवीपेक्षा वेगळं दुखलं तर त्याला "नेहमीचंच" म्हणू नका.

बाकी, संध्याकाळी सायकल चालवते म्हणजे सकाळचं खोटं, हे कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. संध्याकाळी पूर्ण बरं होणं हीच या दुखण्याची खूण आहे, हे मी नणंदबाईंना डॉक्टरांच्या कागदासकट दाखवलं. लेक आता ११ वर्षांची आहे, पोट वर्षभर दुखलेलं नाही, पण या उन्हाळ्यात दोनदा डोकं दुखून उलटी झाली, आणि पडदे लावायला पहिल्यांदा उठल्या त्या सासूबाईच.