तेरावा बॉक्स घ्यावा की नाही?

प्रश्न: हॉलची फरशी बदलतोय. खोली ४.३० मीटर बाय ३.४० मीटर, टाइल ६० बाय ६० सेंटिमीटर, एका बॉक्समध्ये ४ टाइल. स्कर्टिंगही त्याच टाइलचं करणार आहे, दाराच्या तोंडाशी मात्र वेगळी दगडी पट्टी येईल. क्षेत्रफळाच्या हिशोबाने मला ११ बॉक्स पुरतात. दुकानदार म्हणतो १० टक्के जादा धरून १२ घ्या. मिस्त्री १३ वर अडून बसलेत. घराच्या कामात पैसा आधीच ताणलेला असताना दोन बॉक्सचे पैसे उगीच का अडकवायचे?

उत्तर:

१३ घ्या. मिस्त्रींचा आकडा बरोबर आहे. तो त्यांनी कुठून काढला हे तुम्हाला कळलं की पैसे अडकल्यासारखं वाटणार नाही, म्हणून हिशोब सविस्तर मांडतो.

तुमचा ११ चा हिशोब गणित म्हणून चोख आहे. खोलीचं क्षेत्रफळ १४.६२ चौरस मीटर, एका बॉक्समध्ये १.४४ चौरस मीटर माल, म्हणजे सव्वादहाच्या आत, वर ओढून ११. पण टाइल काही चौरस मीटरने बसत नाही, नगाने बसते. भिंतीपाशी ३५ सेंटिमीटरचा तुकडा लागला तर त्यासाठी अख्खी टाइल कापावी लागते. उरलेल्या २५ सेंटिमीटरच्या तुकड्यातून दुसरा ३५ चा तुकडा निघत नाही. क्षेत्रफळाच्या हिशोबात मात्र ते २५ सेंटिमीटरही वापरले गेले असं धरलेलं असतं. छोट्या खोलीत घोळ होतो तो इथेच. म्हणून टक्के बाजूला ठेवा, चौकटीचा कागद घ्या आणि एक चौकट म्हणजे एक टाइल असं धरून खोली काढा.

लांबीच्या बाजूने ४३० सेंटिमीटरमध्ये ६० च्या ७ टाइल बसतात आणि १० सेंटिमीटर उरतात. रुंदीच्या बाजूने ३४० मध्ये ५ बसतात आणि ४० उरतात. आता एका भिंतीपासून सुरुवात करून सरळ लावत गेलात, तर ३५ टाइल अख्ख्या बसतील आणि रुंदीच्या टोकाला ४० सेंटिमीटर रुंद कापलेल्या ७ लागतील. झाल्या ४२. लांबीच्या टोकाच्या १० सेंटिमीटरच्या पट्ट्या त्या ७ टाइलच्या कापून उरलेल्या २० सेंटिमीटरच्या तुकड्यांतून निघतील. ४२ टाइल म्हणजे ११ बॉक्स, वर २ शिल्लक. इथवर तुमचं म्हणणं टिकतं.

आता ती १० सेंटिमीटरची पट्टी जवळून बघा. दोन टाइलमध्ये २ मिलिमीटरचा सांधा ठेवला तर ७ सांध्यांत सव्वा-दीड सेंटिमीटर जातो. भिंतीला टेकू नये म्हणून थोडी फट सोडावी लागते, आणि वरून स्कर्टिंगची जाडी बसते. डोळ्यांना दिसते ती जेमतेम ७ सेंटिमीटरची पट्टी. त्यात खोली गुण्यात नसेल, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर एका टोकाला ४३० आणि दुसऱ्या टोकाला ४२८ असेल, तर तीच पट्टी एका कोपऱ्यात ७ ची आणि दुसऱ्या कोपऱ्यात ५ ची होते. रुंद तुकड्यात दोन सेंटिमीटरचा फरक लपून जातो. इतक्या अरुंद पट्टीत तो खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. शिवाय अरुंद पट्टी कापताना मोडतेही जास्त.

म्हणून जाणता मिस्त्री मांडणी सरकवतो. मध्ये ६ अख्ख्या टाइलच्या रांगा आणि दोन्ही कडांना सारखे ३५ सेंटिमीटरचे तुकडे. खोली समतोल दिसते आणि भिंतीचा वाकडेपणा दोन्हीकडे वाटला जातो. रुंदीचा ४० सेंटिमीटरचा तुकडा दाराच्या समोरच्या भिंतीकडे, सोफ्याखाली जाईल असा टाकायचा. आता नग मोजा: ८ रांगा, प्रत्येकीत ६ जागा, एकूण ४८. यातली एकही जागा उरलेल्या तुकड्यातून भरत नाही. कडेच्या टाइलचे उरतात २५ सेंटिमीटर, तर तिथे ३५ हवे असतात. खालच्या, म्हणजे दारासमोरच्या भिंतीकडच्या रांगेतले उरतात २०, तर हवे असतात ४०. थोडक्यात ४८ टाइल, बरोबर १२ बॉक्स, आणि हातात शिल्लक शून्य.

दुकानदाराचे १० टक्के नेमके इथे फसवे ठरतात. १४.६२ मध्ये १० टक्के मिळवले की १६.०८ होतात, म्हणजे १२ बॉक्स. तुम्हाला वाटतं, यात तूटफूट धरली आहे. प्रत्यक्षात ते सगळे १० टक्के, आणि बॉक्स पूर्ण करायला वर ओढलेल्या टाइलही, नुसत्या कापण्यातच संपल्या. फुटीसाठी एकही उरली नाही. मोठ्या दालनात कडेच्या टाइलचं प्रमाण कमी असतं, तिथे १० टक्क्यांचा अंदाज बहुतेक वेळा निभावतो. तुमच्या खोलीत ४८ पैकी १८ टाइल कापाव्या लागणार आहेत.

स्कर्टिंग तुमच्या हिशोबात अजिबात आलेलं नाही, तेही बघू. घेर १५.४० मीटर, दाराचे ९० सेंटिमीटर वजा केले की १४.५०. साठ-साठच्या पट्ट्या २५ लागतील. सरकवलेल्या मांडणीत कडेच्या टाइलचे २५ सेंटिमीटर रुंद तुकडे १२ उरतात. प्रत्येकातून १० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, म्हणजे २४. खालच्या रांगेचे २० चे तुकडे ६, त्यातून प्रत्येकी किमान एक. एकूण ३०, गरजेपेक्षा ५ जास्त. म्हणजे कापण्यात वाया जाताना दिसणारा माल खरं तर स्कर्टिंगमध्ये लागतो, त्यासाठी वेगळी टाइल लागत नाही. एक गोष्ट मिस्त्रींना आधीच सांगा: प्रत्येक तुकड्यातून निघणाऱ्या पहिल्या पट्टीला कारखान्याची सरळ कड असते, ती वर ठेवायची. दुसऱ्या पट्टीच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात, त्यांची वरची कड घासून घ्यावी लागते. कारखान्याची कड असलेल्या पट्ट्या तुम्हाला १८ मिळतात. त्या समोर दिसणाऱ्या भिंतींना लावा आणि घासलेल्या ७ फर्निचरमागे.

तुमच्या ११ बॉक्सच्या मांडणीत मात्र उरलेले तुकडे अरुंद पट्टीतच जवळपास संपतात. मग स्कर्टिंगसाठी आणखी ४ टाइल फोडाव्या लागतील. ४२ अधिक ४, म्हणजे ४६, म्हणजे पुन्हा १२ बॉक्स. तेव्हा ११ हा पर्याय मुळातच नाही. निवड फक्त १२ आणि १३ मध्ये आहे, आणि अडकण्याचा प्रश्न दोन नव्हे, एका बॉक्सचा आहे. टाइलच्या बिलात ती वाढ सुमारे ८ टक्के. चिकटवण्याचा माल आणि मजुरी धरून फरशीच्या एकूण खर्चात तिचा वाटा त्याहून कमी.

आता पैशाच्या बाजूने तोला. समजा ५० टाइलमागे एक फुटते किंवा कोपरा उडालेली निघते, हे मी सावध मिस्त्रीसाठी धरलेलं प्रमाण आहे. तर ४८ पैकी एकही न फुटण्याची शक्यता शंभरात ३८ भरते. म्हणजे १२ बॉक्स घेतले तर काम अडण्याचीच शक्यता जास्त. हाताशी ४ जादा असतील तर तीच शक्यता शंभरात एकाच्याही खाली येते. फुटण्याचं प्रमाण वाईट धरलं, २० मागे एक, तरी दहापैकी जवळपास नऊ वेळा ४ टाइलमध्ये निभावतं. पन्नासमागे एक या प्रमाणात चौदाव्या बॉक्सने फारसा फरक पडत नाही, तो कुणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका.

आणि अडलं म्हणजे काय होतं? एक टाइल कमी पडली तरी बहुधा आख्खा बॉक्सच आणावा लागतो, वर वाहतूक, वर मिस्त्रींची वाया गेलेली मजुरी. म्हणजे न घेतलेल्या बॉक्सची बचत त्याच दिवशी संपते. पण खरा धोका पैशांपेक्षा वेगळा आहे. बॉक्सच्या कडेला बॅच, शेड आणि कॅलिबर छापलेलं असतं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेचा रंग किंचित हलका-गडद होतो आणि मापही मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडे तिकडे होतं. कॅलिबर म्हणजे तेच नेमकं माप. नंतर आणलेला बॉक्स दुसऱ्या बॅचचा निघाला तर एक टाइल उन्हात वेगळी दिसते, आणि कॅलिबर वेगळं असेल तर सांधे रेषेतच बसत नाहीत. तेव्हा कितीही पैसे मोजले तरी जुळणारी टाइल मिळत नाही.

माल आल्यावर पैसे चुकते करण्याआधी तेराही बॉक्सवरचे हे तिन्ही आकडे वाचा. एक जरी वेगळा असला तर तो बॉक्स तिथेच परत करा. तीन-चार बॉक्स एकदम उघडून टाइल मिसळून लावायला सांगा. कोपरा उडालेली टाइल फेकू देऊ नका, ती कापायच्या १८ मध्ये जाते, फक्त उडालेला कोपरा कापून टाकल्या जाणाऱ्या बाजूला आला पाहिजे. दाराच्या चौकटीशी लागणारा एल आकाराचा काप सगळ्यात जास्त फुटतो. आतल्या कोपऱ्यावर आधी लहान भोक पाडून मग काप घेतला की तडा पुढे पळत नाही.

तेरावा बॉक्स सगळ्यात शेवटी उघडा. न उघडलेला बॉक्स परत घेण्याची अट दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या, पण माझं ऐकाल तर परत करू नका. उद्या नळाची जोडणी गळली आणि दोन टाइल उखडाव्या लागल्या, तर तोवर ही बॅच बाजारात राहिलेली नसेल. उरलेल्या टाइल छापील खोक्यासकट, उभ्या, कोरड्या जागी ठेवा.

बारावर भागेल अशी एकच परिस्थिती मला दिसते: स्कर्टिंगला दुसरंच काही लावायचं ठरलं आणि अरुंद पट्टीची भिंत पूर्ण झाकणारं कपाट तिथे कायमचं येणार असलं तर. मग ४२ लागतील आणि १२ बॉक्समध्ये ६ शिल्लक राहतील. तसं काही नसेल तर मिस्त्रींसोबत बसून वरचा कागद एकदा काढा, खोली तीन-तीन ठिकाणी मोजून सर्वांत मोठं माप त्यावर लिहा, आणि ४८ चा आकडा तसाच निघाला की १३ ची ऑर्डर द्या.