मुलीच्या कार्डाची तारीख आधी बघा

«नमस्कार ताई. मी भांडुपचा. नोव्हेंबरात बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन जर्मनीला चाललोय. व्हिसा झाला, तिकडे पहिलं परमिट मिळेल. पण पुढे ते वाढवायला इमिग्रेशन ऑफिसला मेल टाकून अपॉइंटमेंट मागावी लागते म्हणतात. त्या मेलात नेमकं काय लिहायचं, आणि किती आधी पाठवायचा?»

नमस्कार. कागदांची यादी प्रत्येक शहराच्या ऑफिसच्या साइटवर असते, ती इथे देत नाही. काही शहरांत मेलऐवजी ऑनलाइन फॉर्म असतो, तिथे तो भरा. पण मेल लिहायचाच झाला तर माझा पहिला मेल कसा होता ते आधी सांगते, कारण तो चुकीचा होता आणि त्याची किंमत अजून फिटलेली नाही.

आम्ही परळचे. ऑगस्ट 2021 मध्ये बव्हेरियातल्या एका मध्यम शहरात आलो. नवऱ्याला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचं परमिट, मला आणि मुलाला त्याच्या आधारावर कुटुंबाचं परमिट. नवऱ्याचं आणि माझं कार्ड ऑगस्ट 2025 पर्यंत होतं. मुलाचंही तेवढंच असेल असं मी धरून चालले. तसं नव्हतं. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, आणि आपल्याकडे मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. त्याचा पासपोर्ट आम्ही 2018 मध्ये सिंगापूरच्या ट्रिपसाठी काढला होता. म्हणून त्याचं कार्ड 14 नोव्हेंबर 2023 ला संपत होतं. कार्डावर ते स्पष्ट छापलेलं होतं. नवऱ्याच्या कंपनीने कागदपत्रांसाठी एजन्सी लावली होती, पण ती फक्त त्याच्या तारखा सांभाळायची. बायकामुलं त्यांच्या यादीत नसतात, हे लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षांत एकदाही कार्ड उलटून बघितलं नाही? नाही बघितलं. ते वर्ष शाळेत गेलं. बव्हेरियात चौथीतच ठरतं की मूल कुठल्या शाळेत जाणार. जर्मन, गणित आणि परिसर विषयाची सरासरी 2.33 पर्यंत असली तर गिम्नासियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे 1 म्हणजे सगळ्यात वरचा, हे लक्षात घ्या. आमच्याला गणितात 1, परिसर विषयात 3, जर्मनमध्ये 4. सरासरी 2.66, म्हणजे रेआलशूल, त्याखालची दहावीपर्यंतची शाळा. ज्या मुलाने जर्मन भाषा दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकली त्याला जर्मनचे मार्क लावून चाळणीत घातला. उशिरा आलेल्या मुलांना शाळा सवलत देऊ शकते, हे मला सप्टेंबरात दुसऱ्या एका आईकडून कळलं, नव्या शाळेचं दप्तर घेऊन झाल्यावर. वर्गशिक्षिका त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं, हे खरंच. मुलगा तिथे बरा रमलाय, पण माझ्या डोक्यातून ते 2.66 जात नाही. असो, तुमचा प्रश्न मेलचा होता. शाळेच्या त्या घोळात मे ते ऑक्टोबर गेले आणि 3 नोव्हेंबरला रात्री कपाट आवरताना कार्ड हातात आलं. अकरा दिवस उरले होते.

त्याच रात्री मी मेल टाकला. विषय: «तातडीची विनंती». मजकूर इंग्रजीत, अगदी आपल्याकडच्या अर्जासारखा, आदरणीय महोदय वगैरे. माझ्या मुलाचं परमिट 14 तारखेला संपतंय, वाढवायचंय, कृपया लवकरात लवकर अपॉइंटमेंट द्यावी. खाली माझं नाव, सोबत मोबाइलवर काढलेला कार्डाचा तिरका फोटो. मिनिटभरात यंत्राचं उत्तर आलं की मेल मिळाला. त्यानंतर पाच आठवडे काहीच नाही.

नंतर समजलं काय झालं ते. त्या ऑफिसात कर्मचाऱ्यांना आडनावाच्या अक्षरांप्रमाणे फायली वाटलेल्या असतात. बऱ्याच शहरांत अशीच पद्धत आहे. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, मुलाचं वडिलांचं. मेल माझ्या नावाने गेला, म्हणून तो माझ्या अक्षराच्या टेबलावर पडला, आणि तिथल्या बाईंना माझ्या फाइलीत संपत आलेलं परमिट दिसेना. शिवाय मी मुलाचं नाव आपल्या पद्धतीने लिहिलं होतं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्याच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात आहे, म्हणून इथल्या फाइलीत तो जोडनावाने नोंदलाय. जन्मतारीख मी दिली नव्हती. ती दिली असती तर त्या बाईंना तो एका मिनिटात सापडला असता.

म्हणून मेलच्या विषयातच मुलीचं आडनाव, पासपोर्टवर आहे तस्संच पूर्ण पहिलं नाव आणि जन्मतारीख घाला. तिघांचे तीन वेगळे मेल करा, एकात तिघं कोंबू नका, कारण प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र असतो. आणि मेल जर्मनमध्ये, आठ-दहा ओळींचा. मुलीच्या मेलात या दोन ओळी, पहिली विषयाला जोडून आणि दुसरी मजकुराच्या सुरुवातीला, जशाच्या तशा टाका:

```
Antrag auf Verlängerung der Aufenthaltserlaubnis und Terminanfrage
Hiermit beantrage ich die Verlängerung der Aufenthaltserlaubnis meiner Tochter.
```

दुसऱ्या ओळीचा अर्थ, «याद्वारे मी माझ्या मुलीचं परमिट वाढवण्यासाठी अर्ज करतो». सगळी मेख या ओळीत आहे. अपॉइंटमेंट मागणं वेगळं आणि अर्ज करणं वेगळं. इथल्या निवास कायद्याचं कलम 81 असं सांगतं की मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज केला असेल तर निर्णय लागेपर्यंत जुनं परमिट चालू मानलं जातं. कायद्याने त्या अर्जाला ठराविक फॉर्म लागत नाही, मेलने केलेला अर्जही चालू शकतो. पण नुसती वेळ मागितली असेल तर तो अर्ज होता की नव्हता, हे समोरच्याच्या मर्जीवर जातं. माझ्या मेलात «वाढवायचंय» हा शब्द होता म्हणून त्या बाईंनी तो अर्ज मानला. त्यांनी मानला नसता तर मुलगा 15 नोव्हेंबरपासून विनापरवाना राहत होता.

त्याखाली राष्ट्रीयत्व, नोंदवलेला पत्ता, सध्याचं परमिट कुठल्या कलमाखाली आहे (कार्डावरच छापलेलं असतं), कार्डाचा नंबर आणि संपण्याची तारीख, पासपोर्ट नंबर आणि त्याची मुदत, फाइल नंबर माहीत असेल तर तो, आणि जर्मन फोन नंबर. तुमचं नाव वडील म्हणून, तुमच्या जन्मतारखेसह. सोबत एकच पीडीएफ: कार्डाच्या दोन्ही बाजू, पासपोर्ट, शाळेचा दाखला, तुमच्या पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा, विम्याचं पत्र, भाडेकरार. दहा वेगळे फोटो जोडलेत तर त्यातला एक नक्की उघडत नाही. नवा पासपोर्ट यायचा असेल तरी थांबू नका. तसं एका ओळीत लिहा आणि अर्जाची पावती जोडा.

किती आधी? तीन महिने. ते आलेलं यंत्राचं उत्तर जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. तीन आठवड्यांनी त्याच मेलला उत्तर म्हणून एकदा आठवण करा. रोज नवा मेल पाठवू नका, प्रत्येक नवा मेल ढिगाच्या तळाशी जातो. वेळ मिळाली की मुलीला सोबत न्यावं लागतं, सहा वर्षांपुढच्या मुलांचे बोटांचे ठसे घेतात. फी मोठ्यांना 93 युरो, मुलांना निम्मी. कार्ड बर्लिनहून छापून यायला साधारण चार ते सहा आठवडे.

मधल्या काळासाठी एक कागद मागून घ्यायचा असतो, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. आमच्यात सगळे नुसतं «फिक्शन» म्हणतात. मेलात तो स्पष्ट मागा. परमिट कायद्याने चालू असतं, पण खिशातलं कार्ड तर संपलेलं दिसतं. तो कागद नसेल तर जर्मनीबाहेर पडता येईल, पण परत येताना मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनी चढू देणार नाही. मग तिथल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या रांगेत व्हिसासाठी उभं राहायचं. कागद हातात आला की कलम 81 च्या चौथ्या उपकलमासमोर खूण आहे ना, तेवढं बघा. तिसऱ्यासमोरची असेल तर त्यावर परत येता येत नाही.

मला हे सगळं पाठ आहे, कारण 16 डिसेंबरला परळहून भावाचा फोन आला. बाबांना ॲडमिट केलं होतं. 8 तारखेला ऑफिसातून विचारणा आली होती, कुठला मुलगा, जन्मतारीख काय, आणि मी त्याच दिवशी नीट मेल पाठवला होता. मुलाचा नवा पासपोर्ट 20 ला आला. मग नाताळ, नववर्ष, बव्हेरियात 6 जानेवारीचीही सुट्टी. कागद काही येईना. आजोबांनी नातवाला बघावं म्हणून मी थांबले. सगळ्यांना मी हेच सांगते, ऑफिसने कागद दिला नाही म्हणून वेळेवर पोचता आलं नाही.

पण माझं कार्ड 2025 पर्यंत होतं. मुलाला नवऱ्याजवळ ठेवून मी 17 तारखेलाच निघू शकत होते. भाऊ दोनदा म्हणालाही, तू तरी ये. मला एकटीने जायचं नव्हतं. तिथे चाळीत सगळे विचारणार, मुलगा कुठल्या शाळेत घातलास, आणि बाबा सगळ्यात आधी विचारणार. मुलगा समोर असला की जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलून दाखवेल आणि विषय बदलेल, असा माझा हिशेब. बाबा 9 जानेवारीला गेले. मी 10 ला पोचले, एकटीच. फिक्शन 30 ला आलं.

एकटेपणाचं तुम्ही विचारलं नाहीत. तो असतो. पहिल्या हिवाळ्यात जास्त, नंतर माणसं मिळतात.

आज एवढंच करा, मुलीच्या पासपोर्टची मुदत बघा. वर्ष-दीड वर्षच उरलं असेल, तर व्हिसा आता त्याच पासपोर्टवर लागलाय तेव्हा वाणिज्य दूतावासाला विचारल्याशिवाय तो बदलू नका. पण तिचं पहिलं कार्ड तेवढंच मिळेल हे गृहीत धरा आणि मोबाइलमध्ये तिच्या नावाने वेगळी आठवण लावा, तुमच्या तारखेशी न जोडता. आणि तिकडे पोचल्यावर ती तिसरीत असेल तर पहिल्याच महिन्यात शाळेला लेखी विचारा, उशिरा आलेल्या मुलांसाठी चौथीनंतर काय सवलत आहे. विचारताना जन्मतारीख घाला.