अ‍ॅपमधून घेतलेल्या सबस्क्रिप्शनला सेवेच्या वेबसाइटवर कॅन्सलचं बटणच नाही, अकाउंट डिलीट केलं तरी पैसे कटतायत, असं का?

कारण तुमचे पैसे ती सेवा देणारी कंपनी कापतच नाहीये, अ‍ॅप स्टोअर कापतंय. अ‍ॅपमधून सबस्क्रिप्शन घेताना कार्डाचा किंवा यूपीआयचा मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, अ‍ॅपल नाहीतर गूगलकडे तयार होते आणि दर महिन्याला वसुली तेच करतात, कंपनीला फक्त एवढाच निरोप जातो की या माणसाचं अमुक तारखेपर्यंत चालू आहे. तुमचा कार्ड नंबरसुद्धा तिच्याकडे नसतो, मग ती थांबवणार काय? अ‍ॅपलच्या बाबतीत तर कंपनीला तुमचं रिन्युअल बंद करायची सोय सहसा दिलेलीच नसते, म्हणून त्यांचा सपोर्ट "स्टोअरमधून करा" म्हणतो तेव्हा ते तुम्हाला टोलवत नसतात, खरंच सांगत असतात.

अकाउंट डिलीट केलं की तिकडचं लॉगिन गेलं, अ‍ॅप काढलं की फोनमधली जागा मोकळी झाली, पण स्टोअरकडचा मँडेट जागच्या जागी राहतो.

आयफोनवर Settings उघडून सगळ्यात वर स्वतःच्या नावावर जा, तिथे Subscriptions आहे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप करा, मग Payments & subscriptions. फोन बदलला असेल तर गूगलचं कुठल्याही ब्राउझरमधून play.google.com वर करता येतं.

आता खरी गोची सांगतो, कारण माझ्या बहिणीचे यात तीन महिन्यांचे पैसे गेले. तिने प्ले स्टोअर उघडलं तर यादी रिकामी! तिला वाटलं कॅन्सल झालंय, आणि पुढच्या महिन्यात परत पैसे कटले. झालं असं होतं की फोनमध्ये दोन जीमेल होते, सेवेचं लॉगिन ऑफिसच्या मेलवर आणि खरेदीच्या वेळी प्ले स्टोअर मात्र जुन्या मेलवर चालू होतं. सबस्क्रिप्शन खरेदी केलेल्या स्टोअर अकाउंटला चिकटतं, सेवेच्या लॉगिनला नाही. शेवटी मी दोन्ही इनबॉक्समध्ये GPA शोधलं, गूगलच्या पावतीचा ऑर्डर नंबर त्याच अक्षरांनी सुरू होतो, आणि पावती जुन्या मेलमध्ये सापडली. प्ले स्टोअरमध्ये अकाउंट बदललं तर सबस्क्रिप्शन समोरच होतं. आयफोनवाल्यांनी अ‍ॅपलची पावती कुठल्या मेलवर आलीय ते बघावं, घरच्या दुसऱ्या कोणाच्या अ‍ॅपल अकाउंटवरून घेतलेलं असेल तर ते त्यांनाच बंद करावं लागेल.

बँकेच्या स्टेटमेंटवर APPLE.COM/BILL किंवा GOOGLE असं दिसलं की पैसे बहुधा स्टोअरमधूनच कटतायत. तिथे थेट सेवेचं नाव असेल तर मात्र वेबसाइटवरूनच बंद करायचं, स्टोअरमध्ये कितीही शोधलं तरी ते सापडणार नाही.

फ्री ट्रायल असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, अ‍ॅपल तर निदान 24 तास आधी बंद करायला सांगतं. आधीच कटलेल्या पैशांसाठी reportaproblem.apple.com वर रिफंड मागा, गूगलवाल्यांनी गूगल प्लेकडे. मिळेलच असं नाही, पण मागायचं तिथेच. आणि कॅन्सल केल्यावर कन्फर्मेशनचा मेल आल्याशिवाय अ‍ॅप काढू नका.