'नो मे केदा': झगा होत नाही, की दुकानात उरला नाही?

'माद्रिदमध्ये एका दुकानात मी ब्लाउज घालून बघितला, तो लहान झाला, म्हणून म्हणाले, "मे केदा पेकेन्या." ४० नंबरचा मागितला तर बाई म्हणाली, "नो मे केदा." मला वाटलं, हिला कशाला होईल? आणि शेवटी माझ्या मैत्रिणीने तिच्यासाठीचा ब्लाउज उचलला आणि म्हणाली, "मे ला केदो." स्पॅनिश शब्दकोशात केदार म्हणजे राहणे, उरणे. मग एकाच दुकानात हे तीन अर्थ कसे?'

तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'शांत करणे, स्वस्थ करणे' असं होतं. त्यातून 'स्वस्थ राहणे', मग 'मागे राहणे, उरणे', असा अर्थ सरकत गेला. तुम्ही शब्दकोशात पाहिलात तो अर्थ खरा आहे, फक्त कपड्याच्या दुकानात त्याच्याभोवतीची रचना बघावी लागते. त्या रचनेसाठी मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही.

आपण 'मी हा शर्ट बसतो' असं कधी म्हणत नाही. 'हा शर्ट मला बसतो', 'मला घट्ट होतो' असं म्हणतो. कर्ता शर्ट आहे, आपण 'मला'मध्ये आहोत. स्पॅनिशमध्ये नेमकं हेच आहे: 'मे केदा बिएन', म्हणजे 'मला नीट बसतो'. 'मे' म्हणजे मला, 'ते' म्हणजे तुला, 'ले' म्हणजे तुम्हाला किंवा त्याला, तिला. क्रियापद कपड्याप्रमाणे बदलतं. एक ब्लाउज असेल तर 'मे केदा', बूट असतील तर 'मे केदान', कारण बूट 'होतात'. इंग्रजी मनात धरून बोलणारे इथे हमखास अडखळतात. मराठीतून थेट आलात तर वाक्य आपोआप जुळतं.

एक गंमत मात्र जपावी लागते. मराठीत 'लहान' सगळ्यांना चालतं, पण 'मोठा' बदलतो: शर्ट मोठा होतो, पँट मोठी होते. स्पॅनिशमध्ये उलटं. 'ग्रांदे' (मोठा) लिंगाप्रमाणे बदलत नाही, तर 'लहान' बदलतं. 'ला ब्लूसा मे केदा पेकेन्या', पण 'एल वेस्तीदो मे केदा पेकेन्यो'. झगा पुल्लिंगी, ब्लाउज स्त्रीलिंगी. सैल असेल तर आंचो, आंचा. आखूड असेल तर कोर्तो, कोर्ता. कमरेला आवळत असेल तर 'मे अप्रिएता दे थिंतुरा' म्हटलं की बाई लगेच समजते, आणि मला वाटतं, ट्रायल रूममधून बाहेर येऊन नुसतं 'लहान होतो' म्हणण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे. कुठे लहान होतो ते कळलं तर ती दुसऱ्या मापाऐवजी दुसरा कटही काढून देते.

आता तुमच्या बाईचं वाक्य. तिच्या 'मे'चा अर्थ 'माझ्या अंगाला' नव्हता, 'माझ्याकडे' होता: 'नो मे केदा ला कुआरेंता', म्हणजे ४० चा माझ्याकडे उरला नाही. मापाला 'ताया' म्हणतात, ते स्त्रीलिंगी, म्हणून 'ला कुआरेंता'. ओळखायचं कसं? बोलणारा कोण हे बघा. गिऱ्हाईक म्हणाला 'नो मे केदा बिएन' तर बसत नाही. दुकानदार म्हणाला 'नो मे केदा' तर माल संपला. बसण्याच्या अर्थात पुढे बहुतेकदा एखादं विशेषण किंवा 'बिएन' येतं; उरण्याच्या अर्थात नुसतं माप किंवा संख्या येते. 'केदान दोस' ऐकलंत तर 'दोनच शिल्लक आहेत'. (बुटांना ताया नाही, 'नूमेरो' म्हणतात. अर्जेंटिनात कपड्यांच्या मापाला 'ताये' म्हणतात, पण तिथल्या उच्चारात ते 'ताशे' ऐकू येतं.)

तिसरा अर्थ मैत्रिणीचा. 'मे ला केदो' मध्ये कर्ता ती स्वतः आहे, 'ला' म्हणजे तो ब्लाउज. शब्दशः 'मी तो स्वतःकडे ठेवते', म्हणजे 'घेते हा'. शेवटचा स्वर ऐका: 'केदा' कपड्याबद्दल, 'केदो' स्वतःबद्दल. झगा असता तर 'मे लो केदो'.

रंगाचा एक मुद्दा जोडते, कारण तो याच वेळी उपयोगी पडतो. 'हा ब्लाउज पांढऱ्यात आहे का?' याला 'ला तिएनेन एन ब्लांको?' म्हणतात. ब्लाउज स्त्रीलिंगी असला तरी 'एन'नंतरचा रंग नाम म्हणून येतो, म्हणून ब्लांको. 'उना ब्लूसा ब्लांका' मध्ये मात्र तो विशेषण आहे, म्हणून ब्लांका. 'एन ब्लांका' म्हणणारे शिकाऊ मी खूप ऐकले आहेत आणि मीही बराच काळ तसंच म्हणायचे. 

परत करण्यापाशी हेच 'केदार' पुन्हा उपयोगी पडतं. समजा बहिणीसाठी ब्लाउज घेताय. पैसे देण्याआधी विचारा: 'सि नो ले केदा बिएन, पुएदो देबोल्बेर्ला?' म्हणजे 'तिला नीट नाही झाला तर परत करता येईल का?' इथे 'मे'च्या जागी 'ले' आला, बाकी वाक्य तेच राहिलं. देबोल्बेर म्हणजे परत करणे, काम्बियार म्हणजे बदलून घेणे. मोठं माप हवं असेल तर 'केरिया काम्बियार्ला पोर उना ताया मास ग्रांदे'.

आधी विचारणं गरजेचं अशासाठी की स्पेनमध्ये दुकानात जाऊन घेतलेली वस्तू निर्दोष असेल आणि दुकानाने तसं जाहीर केलेलं नसेल, तर ती परत घेणं कायद्याने बंधनकारक नाही. ऑनलाइन घेतलेल्या कपड्यांना १४ दिवसांत परत करण्याचा हक्क आहे, तो वेगळा. शिवाय पैसे परत मिळणार की 'वाले', हेही विचारा. 'मे देबुएल्बेन एल दिनेरो ओ मे दान उन वाले?' हा 'वाले' म्हणजे त्याच दुकानात खर्च करायची चिठ्ठी. स्पेनमध्ये 'बरं, ठीक' यालाही 'वाले' म्हणतात. बिल हातात घेऊन काउंटरवरची बाई 'ते आगो उन वाले?' असं विचारते. माझ्या पहिल्या वर्षी मी नेहमीच्या सवयीने 'वाले, वाले' म्हणाले आणि चाळीस युरोंची चिठ्ठी घेऊन बाहेर पडले. पैसे हवे होते. 'नो, प्रेफिएरो एल दिनेरो' एवढं म्हटलं असतं तर निदान विषय निघाला असता.